रेकॉर्डिंगमधला सांधा कसा ओळखायचा: मागची घरघर आणि लाटेतली पायरी

प्रश्न: "सोसायटीच्या मीटिंगचं ४ मिनिटांचं रेकॉर्डिंग ग्रुपवर फिरतंय. बाबा खजिनदार आहेत, आणि त्यात ते 'हो, ते पैसे मीच वापरले' म्हणताना ऐकू येतात. बाबा म्हणतात, मी त्याच्या पुढेमागे बरंच बोललो होतो. ऑडॅसिटीत उघडलं तर २ मिनिटांच्या आसपास मागची घरघर एकदम कमी होते. म्हणजे कापलंय हे सिद्ध झालं ना? अजून कुठे बघू?"

नाही, एवढ्यावर सिद्ध होत नाही. कुठे बघायचं ते तुम्हाला कळलं, इतकंच. मागचा आवाज एकदम बदलायला दहा निरुपद्रवी कारणं असतात आणि त्यातली निम्मी तुमच्याच फोनच्या आत बसलेली असतात. मी स्वतः सांधा आहे असं लिहून देतो ते एकाच क्षणी दोन वेगळ्या जातीच्या खुणा मिळाल्या तरच. वेगळ्या जातीच्या म्हणजे, एकीचं जे कारण असू शकतं ते दुसरीचं असू शकणार नाही अशा.

माझ्याबद्दल एक वाक्य, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी पुण्यात बरीच वर्षं स्टुडिओत काम केलं, जाहिराती आणि नाटकांची रेकॉर्डिंग. तिथे सांधे बेमालूम लपवण्याचे पैसे मिळायचे. आता वकिलांकडून फाइली येतात आणि तेच सांधे शोधण्याचे मिळतात. त्यामुळे कापणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते बऱ्यापैकी माहीत आहे. कापणारा माणूस शब्द ऐकतो. वाक्य नीट जुळलं, मध्ये 'टक्' असा आवाज आला नाही, की तो खूश. मागे पंखा काय करतोय याकडे त्याचं लक्षच नसतं. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. पहिल्या तास-दोन तासांत मी शब्दांकडे ढुंकूनही बघत नाही.

त्याआधी फाइलचं. तुमच्याकडे आहे ती ग्रुपवरची प्रत, आणि ती किती वेळा दाबून लहान केली गेलीय ते कुणालाच माहीत नाही. ज्यांनी रेकॉर्ड केलं त्यांच्याकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवून घ्या. देत नसतील तर तसं तारखेनिशी लिहून ठेवा. जी फाइल हातात आहे तिला हात न लावता तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसाच म्हणा, काढा आणि काम नेहमी प्रतीवर करा. विंडोजवर, ffmpeg आधी टाकून घेतलं असेल तर, एवढं पुरतं:

```
certutil -hashfile recording.m4a SHA256
ffprobe -hide_banner recording.m4a
ffmpeg -i recording.m4a -c:a pcm_s16le kaam.wav
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर नीट वाचा. अँड्रॉइड फोनच्या रेकॉर्डरने थेट केलेल्या फाइलमध्ये बहुधा `com.android.version` अशी नोंद आणि तयार झाल्याची वेळ सापडते. त्याऐवजी `encoder : Lavf` असं काही दिसलं तर फाइल नंतर कुठल्या तरी सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलेली आहे. ऑडॅसिटीतून एमफोरए काढलं तरी असंच दिसतं. यावरून कापलं हे ठरत नाही, कारण कुणी फक्त आवाज वाढवूनही फाइल पुन्हा सेव्ह करतो. पण ही फाइल 'मूळ' नाही, एवढं मात्र ठरतं.

आता मागचा आवाज. ऑडॅसिटीचं नेहमीचं चित्र इथे कामाचं नाही. त्यात बोलणं डोंगरासारखं दिसतं आणि खोलीची घरघर एका सरळ रेघेत दबून जाते. उभ्या पट्टीवर राइट क्लिक करून मोजपट्टी dB मध्ये करा, मग तीच रेघ जाडजूड पट्टा होते आणि तिची वरखाली दिसू लागते. कानांसाठी एक वेगळी प्रत करून ती २० डेसिबलने वाढवा आणि हेडफोन लावून फक्त विराम ऐका, दोन वाक्यांमधली श्वासाएवढी जागा. बोलणं या प्रतीत फाटेल, फाटू द्या. हेडफोनचा आवाज मात्र आधी कमी करा, नाहीतर पहिल्याच शब्दाला कान जातील. मी एकदा विसरलो होतो.

तुमच्यासारखी 'घरघर एकदम कमी झाली' अशी जागा मिळाली की पहिला प्रश्न हा, की तिच्या लगेच आधी काय झालं? फोन आवाजाची पातळी स्वतःच सांभाळत असतो. कुणी जोरात बोललं, टेबलावर हात आपटला, खुर्ची ओढली, की तो माइकचा कान चटकन दाबतो. मग शांतता झाली की तो हळूहळू उघडतो, सेकंद-दोन सेकंद लावून. म्हणजे मोठ्या आवाजानंतर घरघर खाली गेलेली असणं आणि मग चढत जाणं हा फोनचा स्वभाव आहे. याच्या उलट, शांततेच्या मध्येच, काही कारण नसताना, डोळ्याचं पातं लवायच्या आत घरघर वर उडाली, तर फोन असं सहसा करत नाही. खाली पडणं फोनला शोभतं, उडी मारून वर जाणं शोभत नाही. तुमची जागा खाली पडण्याची आहे, म्हणून तिच्या आधीचे दोन सेकंद आधी तपासा.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फक्त पातळी बदलली, की आवाजाचा आकारही बदलला? अलीकडचा अर्धा सेकंद विराम निवडा आणि `Analyze > Plot Spectrum` मध्ये त्याचा आलेख बघा. स्क्रीनशॉट घ्या. मग पलीकडच्या विरामाचं तेच करा. फोनने कान दाबला असेल तर दुसरा आलेख पहिल्याचीच नक्कल असतो, फक्त सगळा एकसारखा खाली सरकलेला. तेच टेंगूळ, तेच खड्डे. पण एका आलेखात फ्रिजची बारीक रेघ आहे आणि दुसऱ्यात ती साफ गायब, किंवा एकात वरच्या पट्टीतली सळसळ आहे आणि दुसऱ्यात ४ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही, तर हे दोन तुकडे वेगळ्या वेळचे किंवा वेगळ्या यंत्राचे असू शकतात. फ्रिज आपोआप बंद होऊ शकतो हे खरं. पण बंद होताना तो धडधडतो, त्याची रेघ विझताना दिसते. सांध्यावर ती सुरीने कापल्यासारखी संपते.

इथे एक खड्डा आहे. बऱ्याच फोनमध्ये मागचा आवाज दाबणारी करामतही चालू असते आणि ती आकारही बदलते, शब्द सुरू झाला की एक आणि थांबला की दुसरा. ती ओळखायची साधी युक्ती म्हणजे त्याच फाइलमध्ये, जिथे तुम्हाला काहीही संशय नाही अशा आठ-दहा विरामांत तोच प्रकार होतो का ते बघणं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तसंच होत असेल तर ती फोनची खोड आहे. एकदाच झालं असेल तर पुढे चला.

आता लाटेतला सांधा. आवाजाची लाट ४४,१०० ठिपक्यांची एका सेकंदाला बनते, आणि माणसाचा आवाज एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाताना उडी मारत नाही, वळण घेत जातो. मधला तुकडा काढून दोन टोकं चिकटवली की डावं टोक एका उंचीवर आणि उजवं दुसऱ्या उंचीवर असतं, आणि मध्ये पायरी पडते. एकेक ठिपका सुटा दिसेपर्यंत झूम केलं की ती दिसते. ४ मिनिटांची फाइल अशी शोधत बसलात तर आठवडा जाईल, म्हणून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या पट्टीत किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र, उघडा आणि `Spectrogram Settings` मध्ये `Window size` २५६ ठेवा. पायरी तिथे खालपासून वरपर्यंत जाणारी केसासारखी उभी रेघ होऊन दिसते. उभ्या रेघा इतरही बऱ्याच दिसतील: बटण, चमचा, जिभेचा चट् आवाज. फरक शेपटीत आहे. खोलीत वाजलेला कुठलाही खटका वाजून विरतो, त्याच्या उजवीकडे धूसर शेपूट राहते. पायरी खोलीत वाजलेलीच नसते, म्हणून तिला शेपूट नसते.

खरी अडचण म्हणजे ही पायरी लपवणं पोरखेळ आहे. ५-१० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, एकाला हळू उतरवलं आणि दुसऱ्याला हळू चढवलं, की पायरी गेली. मी ते हजारदा केलंय. शिवाय फाइल पुन्हा दाबली की उरलीसुरली पायरीही विस्कटते. एमफोरएमधली आवाज दाबायची पद्धत, एएसी, एका घासाला १,०२४ ठिपके घेते, म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद, आणि पायरी त्या घासाभर पसरते. म्हणून ग्रुपवरच्या प्रतीत केसासारखी रेघ न मिळता जेमतेम धुरकट पट्टा मिळाला, तर नवल नाही. पायरी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली म्हणून फाइल स्वच्छ ठरत नाही. घाईने मोबाइलवर कापणाऱ्यांच्या फाइलींत ती सापडते, डोकं लावणाऱ्यांच्या फाइलींत नाही.

पंख्याची लय मात्र सहजासहजी लपवता येत नाही. त्यासाठी एक प्रकरण सविस्तर सांगतो.

कर्वेनगरमधला भाड्याचा फ्लॅट, डिपॉझिटवरून वाद. भाडेकरूने स्वयंपाकघरात झालेलं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं, ३ मिनिटं ५२ सेकंद. त्यात मालक सरळ म्हणतात, "एक पैसाही परत देणार नाही." मालकांचं म्हणणं, मी याच्याआधी एक अट घातली होती. फाइल त्यांच्या वकिलांनी माझ्याकडे पाठवली आणि जाताजाता म्हणाले, "२ मिनिटं ४१ सेकंदांना बघा, तिथे मागचा आवाज बदललाय."

बघितलं. तिथे घरघर ८ डेसिबलने पडली होती आणि तीनेक सेकंदांत परत चढली होती. लगेच आधी काय होतं? कुकरची शिट्टी. दोन्ही बाजूंचे आलेख एकावर एक ठेवले, आकार तंतोतंत तोच. त्याच फाइलमध्ये कुकरच्या आणखी दोन शिट्ट्या होत्या आणि त्यांच्यानंतरही हेच घडलं होतं. म्हणजे वकिलांची जागा बाद. त्यांचा चेहरा पडला, पण शिट्टीच्या जोरावर कोर्टात उभे राहिले असते तर नंतर जास्त पडला असता.

खरी जागा १ मिनिट १२ सेकंदांच्या अलीकडे होती, आणि कानाला तिथे काहीच वावगं वाटत नव्हतं. पावणेदोन सेकंदांचा शांत विराम. लाटेत पायरी नाही. दोन्हीकडच्या पातळीत दीड डेसिबलचा फरक, जो कुठेही सापडतो. पण वरचा पंखा कुरकुरणारा होता. प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्' करायचा, आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये ४ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे बोलण्यातल्या स्वरांचा जोर कमी असतो, ते ठोके कुंपणाच्या खांबांसारखे ओळीने दिसत होते. विरामाआधीचे बारा ठोके मोजले: दोन ठोक्यांत ०.३४ सेकंद. विरामानंतरचे बारा मोजले: तेच, ०.३४. विरामाच्या आत मात्र असं होतं. ठोके ७१.१० ला, ७१.४४ ला, ७१.७८ ला. पुढचा ७२.१२ ला यायला हवा. तो आला ७२.२५ ला, आणि तिथून पुढे ७२.५९, ७२.९३ अशी लय पुन्हा सुरळीत.

पंखा जड असतो. तो एका फेऱ्यात ०.१३ सेकंद अडखळून लगेच मूळच्या वेगावर येऊ शकत नाही. व्होल्टेज कमी-जास्त झालं तर लय सावकाश ताणते किंवा आकसते, एकाच ठोक्यात घसरत नाही. पूर्ण फाइलमध्ये साडेसहाशेच्या वर ठोके होते आणि लय त्या एकाच ठिकाणी घसरली होती. ही झाली पहिली खूण.

दुसरी खूण रस्त्यावरून मिळाली. त्याच विरामात बाहेरून एक रिक्षा जात होती. इंजिनाच्या समांतर रेघा स्पेक्ट्रोग्राममध्ये दिसतात आणि रिक्षा पुढे निघून जाताना त्या खाली वाकतात. इथे त्या वाकता वाकता ७१.९८ ला हवेतच संपल्या. विरल्या नाहीत, संपल्या. रिक्षा थांबली असती, वळली असती, तरी आवाज उतरायला काही वेळ लागला असता.

तिसरी खूण मी तपासतो ती पंख्याच्या गुंजारवाची. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि पंख्याची मोटर तिच्या दुपटीने, म्हणजे १०० हर्ट्झवर गुणगुणते. रेग्युलेटर खालच्या नंबरवर असेल तर आणखी जोरात. विरामाचा तुकडा घ्यायचा, ९० च्या खालचं आणि ११० च्या वरचं गाळून टाकायचं, की १० मिलिसेकंदांची एकेक लाट सलग रांगेत दिसते. पुरुषाचा आवाजही याच पट्टीत येतो, म्हणून हे फक्त विरामात करायचं आणि शब्द संपल्यानंतरचा पहिला दशांश सेकंद सोडून द्यायचा. कर्वेनगरच्या फाइलमध्ये ७१.९८ च्या आसपास ही रांग बारीक होऊन पुन्हा जाड झाली होती, आणि पलीकडच्या लाटा अलीकडच्यांच्या साच्यात बसत नव्हत्या, सुमारे ४ मिलिसेकंद सरकलेल्या होत्या. ठोका पात्यांच्या फेऱ्याचा, रिक्षा रस्त्यावरची, गुंजारव विजेचा. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही आणि तिघेही एकाच जागी तुटले.

यातून किती वेळ कापला ते निघतं का? इथे लोक उत्साहाच्या भरात चुकतात. पंख्याच्या ठोक्यांवरून गेलेला वेळ ०.३४ च्या पटीत, वजा ०.१३ इतका असला पाहिजे. म्हणजे ०.२१ सेकंद, किंवा ०.५५, किंवा ०.८९, किंवा असंच पुढे कितीही. घड्याळाचा सेकंदकाटा दिसतो पण मिनिटकाटा दिसत नाही, तसं हे आहे. आणि गंमत म्हणजे कापणाऱ्याने चुकून बरोबर पूर्ण फेऱ्यांइतकाच वेळ काढला असता तर ठोक्यांनी काहीच सांगितलं नसतं. म्हणून एकाच घड्याळावर विसंबायचं नाही.

तरीही माझ्या अहवालात 'भाडेकरूने कापलं' असं नव्हतं. 'या जागचा काही वेळ फाइलमध्ये नाही' असं होतं. कारण बऱ्याच रेकॉर्डर ॲपमध्ये पॉजचं बटण असतं. पॉज करून पुन्हा चालू केलं तर पंखा, रिक्षा, गुंजारव सगळे असेच तुटतात, आणि त्यात कुणी फाइलला हातही लावलेला नसतो. मध्येच फोन आला तरी काही ॲप थांबतात. जुना, भरलेला फोन मध्येच थोडा आवाज गिळूनही टाकतो. मात्र तो गिळलेला घास सहसा काही मिलिसेकंदांचा असतो, इथे कमीत कमी ०.२१ सेकंद होता. पॉज की कापणी, हे नुसत्या आवाजावरून मला सांगता आलं नसतं. इथे `ffprobe` ने मदत केली: नोंदीत फोनचं नाव नव्हतं, `Lavf` होतं. भाडेकरूला फोनच आणायला सांगितलं. फोनमध्ये मूळ फाइल होती, ४ मिनिटं ३ सेकंद. गेलेले ११.४ सेकंद मालकांच्या अटीचे होते: रंगाचे आणि नळदुरुस्तीचे पैसे वजा करून बाकीचं देईन, हे मान्य नसेल तर एक पैसाही परत देणार नाही. ०.३४ च्या ३४ पटींतून ०.१३ वजा केले तर ११.४३ येतात. वकील हिशोब बघून हरखले, मी त्यांना शांत केलं. ३४ फेऱ्यांत मोजणीची बारीक चूकही साचत जाते, त्यामुळे जुळलं म्हणून फार छाती फुगवण्यात अर्थ नव्हता.

आता तुमची फाइल. सोसायटीचा हॉल म्हणजे दोन-तीन पंखे, कुजबुज, खुर्च्या, बाहेर खेळणारी पोरं. एका पंख्याची स्वच्छ लय मिळणं अवघड आहे, पण पोरांचं ओरडणं, दूरचा हॉर्न, एखाद्याचा खोकला या सगळ्यांना सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. 'हो, ते पैसे मीच वापरले' याच्या आधीचे आणि नंतरचे पाच सेकंद घ्या, आणि त्यात मागे चाललेला प्रत्येक आवाज नीट संपतो का ते कागदावर वेळेसकट लिहा. हॉलमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे बाबांच्या 'वापरले' नंतर अर्धा सेकंद तरी घुमारा रेंगाळायला हवा. त्यांच्या इतर वाक्यांनंतर तो किती रेंगाळतो ते मोजून ठेवा. इथेच तो छाटलेला असेल आणि लगेच दुसऱ्या कुणाचा आवाज सुरू होत असेल, तर ती जागा माझ्या मते २ मिनिटांच्या घरघरीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. श्वासही ऐका. माणूस लांब वाक्याआधी श्वास घेतो, आणि कापणाऱ्याच्या कात्रीत अर्धा श्वास बऱ्याचदा सापडतो.

प्रत ग्रुपवर व्हॉइस नोटसारखी फिरली असेल तर अपेक्षा आवरत्या घ्या. त्यात खालची गुणगुण बहुतेक गळून जाते, वरचा बारीक तपशील जातो, आणि पायरी विस्कटलेली असते. आणि सांधा लोकांच्या गलक्यात, चार जण एकदम बोलत असताना दिला असेल, तर दाबलेल्या प्रतीत तो मलाही सापडणार नाही. त्याच हॉलमध्ये, त्याच मॉडेलच्या फोनने, त्याच ॲपमधून दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मात्र करून बघा: मध्ये टेबलावर हात आपटा, थांबा, पुन्हा बोला, एकदा पॉज करा. तुमची २ मिनिटांची जागा यातल्या कशासारखी दिसते ते तुम्हाला माझ्याआधी कळेल.

प्रकरण निबंधकांकडे किंवा कोर्टात जाणार असेल तर आणखी एक काम आजच करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा फाइलीसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे. वर काढायला सांगितलेला हॅश तो हाच. तो कागदावर उतरवून, फाइल कुठल्या ग्रुपवर कधी आली ते लिहून ठेवा. ग्रुपवरचा तो मेसेज डिलीट करू नका आणि ज्यांनी टाकला त्यांनाही करू देऊ नका. बाबांना आत्ताच, फाइल पुन्हा ऐकवण्याआधी, ते त्या दिवशी काय बोलले होते ते आठवेल तसं लिहायला सांगा. एकदा का ते रेकॉर्डिंग दहा वेळा ऐकलं, की त्यांनाही आपण तेवढंच बोललो असं वाटायला लागेल. मूळ फाइल मिळाली की २ मिनिटांची जागा आणि 'वापरले' ची जागा, दोन्हींचे स्क्रीनशॉट इथे टाका. `Window size` २५६ ठेवून एक आणि ४०९६ ठेवून एक, म्हणजे खटकेही दिसतील आणि गुंजारवाच्या रेघाही.